५० स्लाइडच्या डेकमधून ६० सेकंदांची रील: काय ठेवायचं, काय सोडायचं

प्रश्न: माझ्याकडे कंपनीचं ५२ स्लाइडचं डेक आहे आणि बॉसला त्याची एक मिनिटाची रील हवीये. मी सगळे महत्त्वाचे मुद्दे काढून स्क्रिप्ट लिहिली, पण भरभर वाचूनही अडीच मिनिटं होतात. काय कापू आणि कसं?

कापायला बसूच नका. अडीच मिनिटांची स्क्रिप्ट कापून एक मिनिटाची केली की सगळे मुद्दे राहतात पण प्रत्येकाचं एकेक वाक्य उरतं, आणि ते डेकच्या अनुक्रमणिकेसारखं वाटायला लागतं. ती फाइल बाजूला ठेवा, डेकमधली एकच कल्पना उचला आणि स्क्रिप्ट कोऱ्या कागदावर परत लिहा. मी हे काम पुण्यात, एरंडवण्यात बसून बरीच वर्षं करतोय, आधी कंपन्यांच्या लांबलचक फिल्म्स लिहायचो आणि आता जवळपास सगळं रील्सच, त्यामुळे थिअरी सांगण्यापेक्षा एक केलेलं काम उलगडून दाखवतो.

एक रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर काका आले होते, सोसायट्यांमध्ये पावसाच्या पाण्याचं काम करतात, म्हणजे गच्चीवरचं पाणी गटारात जाऊ न देता टाकीत किंवा बोअरकडे वळवायचं. त्यांचं डेक ४६ स्लाइडचं. भूजलाची पातळी, जगातलं पाणीसंकट, पाइपचे व्यास, फिल्टरचे प्रकार, खर्च, प्रॉपर्टी टॅक्समधली सवलत, आधीच्या कामांचे फोटो, सगळं त्यात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते तासभर हे दाखवतात आणि त्यांना कामं मिळतात, म्हणजे डेक वाईट नव्हतं. ते म्हणाले, यातलं काही सोडू नकोस हं, सगळं महत्त्वाचं आहे.

मी त्यांना एकच विचारलं, काका, मीटिंगमध्ये लोक फोन काढून कुठल्या स्लाइडचा फोटो काढतात?

थोडा विचार करून म्हणाले, तेहतीस नंबर. तिथं एक हिशोब होता: ५०० चौरस मीटरची गच्ची, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातला २० टक्के वाया, उरतं २,८०,००० लिटर. बाकीच्या पंचेचाळीस स्लाइडला लोक मान हलवतात, इथं मात्र कोणीतरी म्हणतंच, थांबा जरा, परत सांगा.

सगळ्यात दमदार कल्पना अशी सापडते. तुम्ही स्वतः डेक वाचून ती ठरवायला गेलात तर चुकण्याची शक्यता जास्त, कारण ज्याने डेक बनवलंय त्याला स्वतःची मेहनत जिथं गेलीये तीच स्लाइड भारी वाटते. जो माणूस ते डेक लोकांसमोर मांडतो त्याला पकडा आणि विचारा की लोक मध्येच कुठं थांबवतात, फोटो कशाचा काढतात, नंतर चहा पिताना कशाबद्दल बोलतात. बऱ्याचदा उत्तर मागच्या बाजूला कुठंतरी दडलेलं असतं, कधी स्लाइडवर नसतंच, मांडणारा तोंडी सांगतो त्यात असतं.

पण सापडली म्हणजे झालं नाही. "दोन लाख ऐंशी हजार लिटर" हे काकांच्या मीटिंगमध्ये चाललं, कारण समोर चेअरमन बसलेला, त्याला स्वतःच्या टाकीची क्षमता पाठ आहे. रील बघणाऱ्याला लाखभर लिटर म्हणजे किती याचा अंदाज नसतो. आमच्या ऑफिसखाली चहाची टपरी आहे तिथल्या मावशींना मी हे वाक्य सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं काल काय सांगितलं होतं, तर म्हणाल्या, काहीतरी लाखात लिटर पाणी वाया जातं ना. म्हणजे आकडा गळून पडला आणि उरलं ते सगळ्यांना आधीपासून माहीतच असलेलं.

मग एकक बदललं. पुण्यात ज्या सोसायटीला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही तिथं प्रत्येकाला टँकर माहितीये. टँकर १०,००० लिटरचा धरला तर २८ टँकर झाले. बरं वाटलं, पण ते त्या एका गच्चीचे २८, माझ्या गच्चीचे किती? आणि चौरस मीटरमध्ये पुण्यात कोणी बोलत नाही, फ्लॅट घेताना सगळे फुटातच बोलतात. एक चौरस फूट म्हणजे ०.०९३ चौरस मीटर, त्याला ७०० मिलिमीटरने गुणलं की ६५ लिटर, २० टक्के सोडले की ५२. म्हणजे हजार चौरस फुटाला ५२,००० लिटर, टँकर पाच आणि वर थोडं.

"दर हजार फूट गच्चीमागे पाच टँकर पाणी गटारात जातं."

हे झालं वाक्य. ते ऐकताना माणूस आपल्या बिल्डिंगची गच्ची डोळ्यासमोर आणून गुणाकार करायला लागतो. मावशींना हे सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच सांगितलं की धायरीला त्यांच्या भावाची बिल्डिंग आहे, त्याला फोनवर सांगून झालं, त्यांचे पंधरा टँकर जातात म्हणे. असं होईपर्यंत मी थांबतो आणि मगच स्क्रिप्टला हात लावतो. तुमचं वाक्य कोणीतरी दुसऱ्या दिवशी न विचारता, आकड्यासकट परत सांगायला हवं, नुसतं "छान आहे" म्हटलं तर ते नापास समजा. आणि वाक्यात "आणि" आला असेल तर बहुतेक त्यात दोन कल्पना आहेत, त्यातली एक सोडावी लागेल.

शब्दांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, कारण छोट्या व्हिडिओत खोटं पटकन घुसतं. काकांना "पाच टँकर वाचतील" हवं होतं. ते खरं नाही. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, एवढं पाणी साठवायला सोसायटीकडे टाकी कुठंय, त्यातलं बरंचसं बोअरच्या भोवती जमिनीतच सोडावं लागतं, आणि जमिनीत गेलेलं किती परत मिळेल हे खालच्या खडकावर. "गटारात जातं" हे मात्र हिशोबाने दाखवता येतं, म्हणून तेच ठेवलं. तसंच "पुण्यात" हा शब्दसुद्धा काढता येणार नव्हता, लोणावळ्याकडे पाऊस कितीतरी पट जास्त, तिथल्या माणसाने हा हिशोब लावला तर चुकेल. डेकमध्ये अशा अटी तळटीपेत टाकता येतात. रीलला तळटीप नसते, त्यामुळे अट बोलण्यातच बसवायची, आणि बसत नसेल तर दावा लहान करायचा.

आता साठ सेकंदांत बसतं किती? इंग्रजीसाठी मिनिटाला १५० शब्द वगैरे हिशोब लोक सांगतात, तो मराठीला लावू नका. आपले शब्द लांब, प्रत्यय चिकटलेले, "गच्चीवरच्या", "गटाराऐवजी" हे मोजताना एक शब्द पण तोंडाला दोन. माझा अनुभव असा की शांतपणे, चित्राला जागा देत बोलायचं तर मिनिटाला १०० ते ११५ शब्द, त्याच्या वर गेलात की निवेदक धावायला लागतो. आणि आकडे फसवतात. कागदावर २,८०,००० एवढूसं दिसतं, पण "दोन लाख ऐंशी हजार" नीट बोलायला दोनेक सेकंद जातात. म्हणून आकडे अक्षरी लिहायचे, मग मोजायचे, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून उभं राहून मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात वाचलं तर नेहमी कमी वेळ लागतो, अडीच मिनिटं तुमची भरभर वाचून होत असतील तर खरी तीन आहेत.

क्रमाचं म्हणाल तर डेक आधी पार्श्वभूमी सांगतं, मग प्रश्न, मग उपाय, निष्कर्ष शेवटी. रीलमध्ये निष्कर्ष पहिल्या वाक्यात, आणि बाकीचा सगळा वेळ तो पटवण्यात. मी कागदाच्या मध्यभागी ते एक वाक्य लिहितो आणि दोनच प्रश्न विचारतो: हे खरं वाटायला बघणाऱ्याला काय दिसलं पाहिजे? आणि खरं वाटल्यावर तो पहिली हरकत कुठली घेईल? पहिल्याचं उत्तर म्हणजे मधला भाग, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे शेवटच्या आधीचं वाक्य. जी स्लाइड या दोन्हीपैकी कशाचंच उत्तर नाही ती गेली, मग ती कितीही सुंदर असो. काकांच्या ४६ पैकी अशा एकेचाळीस गेल्या. टॅक्सच्या सवलतीसाठी ते बराच वेळ अडून बसले होते, पण ती वेगळी कल्पना आहे, तिची वेगळी रील करू म्हटल्यावर सोडली.

पटवायचं कसं, यात आमची एकदा फजिती झाली. माझी आयडिया अशी की एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची, त्यात प्लास्टिक अंथरायचं आणि एक लिटरची बाटली ओतायची, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. कागदावर झकास. गच्चीवर गेलो, ओतलं, तर पाणी पसरेचना, प्लास्टिकवर गोळा होऊन थबकलं आणि उतार होता त्या कोपऱ्यात जाऊन बसलं. एक मिलिमीटरचा थर प्लास्टिकवर असा धरतच नाही. हिशोब बरोबर असूनही डोळ्याला खोटा दिसत होता, आणि तसंही मीटर म्हटलं की परत तीच अडचण, बघणारा फुटातला. शेवटी काकांनीच खिशातून खडू काढला, गच्चीच्या चायना मोझॅकवर एक फूट बाय एक फूट चौकोन काढला आणि म्हणाले, यावर वर्षाला बावन्न लिटर, म्हणजे दहा लिटरच्या पाच बादल्या. पाच बादल्या आणल्या, चौकोनाभोवती ठेवल्या, आणि सगळी रील तिथंच उभी राहिली. घरातली नेहमीची बादली पंधरा-वीस लिटरची असते बरं का, आम्ही मापाने दहाच लिटर भरल्या, नाहीतर कमेंटमध्ये पहिला पुणेकर तेच पकडणार.

स्क्रिप्ट मी दोन रकान्यांत लिहितो, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. इथं रकाने जमणार नाहीत म्हणून खाली आधी चित्र आणि मग बोलणं असं देतो.

० ते ८ सेकंद. सोसायटीच्या गेटमधून टँकर रिव्हर्स येतोय, पाइप टाकीत सोडलाय.
"हा टँकर उन्हाळ्यात आपण विकत घेतो. आणि पावसाळ्यात, दर हजार फूट गच्चीमागे, असे पाच टँकर गटारात सोडतो."

८ ते १४. काका गच्चीवर, खडूने चौकोन काढतायत.
"पटत नाही? गच्चीवर चला. हा एक फूट बाय एक फूट."

१४ ते २७. काका चौकोनात उभे राहून हात मांडीशी लावतात.
"पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. न वाहता उभा राहिला तर इथवर येईल. थोडा उडून जातो, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं. तरी उरतं..."

२७ ते ३६. बादल्या एकेक करून चौकोनाशेजारी टेकतात, प्रत्येकीचा आवाज येतो.
"एक. दोन. तीन. चार. पाच. एवढ्याशा चौकोनातून."

३६ ते ४४. कॅमेरा वर उचलतो, सगळी गच्ची दिसते.
"असे हजार चौकोन. पाच हजार बादल्या. दहा हजार लिटरचे पाच टँकर."

४४ ते ५३. गच्चीवरून उतरणारा पाइप, आधी गटाराकडे, मग फिल्टरमधून बोअरकडे.
"सगळं साठवायला टाकी पुरणार नाही, मान्य. पण पाइप गटाराऐवजी फिल्टरमधून बोअरकडे वळवला, तर ते जमिनीत तरी जाईल."

५३ ते ६०. काका कॅमेऱ्याकडे बघून.
"तुमची गच्ची किती फूट? आकडा खाली लिहा. टँकर आम्ही सांगतो."

मोजून बघा, बोललेले शब्द शंभराच्या आसपास आहेत. बादल्यांच्या नऊ सेकंदांत शब्द जवळजवळ नाहीतच, आणि काका सारखे म्हणत होते की ही मोकळी जागा आहे ना, इथं फिल्टरचं सांगू की. नाही सांगायचं. बघणारा तिथं स्वतः मोजतोय, त्याचं मोजणं झाल्याशिवाय पुढचा गुणाकार पटत नाही. लिहितानाच स्क्रिप्टमध्ये "इथं मोजण्याशिवाय कोणी बोलत नाही" असं लिहून टाका, नाहीतर एडिटच्या वेळी कोणीतरी ती जागा भरतोच.

सुरुवातीला नमस्कार नाही, लोगो नाही, हे लक्षात आलं असेल. लोगोवरून पहिल्या व्हर्जनला आमचा वाद झाला होता, चार सेकंद लोगो फिरत यायचा. त्या चार सेकंदांत आमच्या पहिल्या दोन वाक्यांपैकी एक जातं, आणि अनोळखी माणसाला लोगोशी काही देणंघेणं नसतं, अंगठा वर जातो. नाव शेवटच्या शॉटमध्ये काकांच्या टी-शर्टवर दिसलं तेवढं पुरे.

स्लाइडचे स्क्रीनशॉट रीलमध्ये टाकायचा मोह सगळ्यांना होतो, तुमच्या बॉसलाही होईल. आडवी १६:९ ची स्लाइड उभ्या १०८० बाय १९२० च्या फ्रेममध्ये टाकली तर तिची उंची जेमतेम ६०७ पिक्सेल उरते, म्हणजे स्क्रीनचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. त्यावरचा ग्राफ फोनवर मुंगीएवढा. आकडा दाखवायचाच असेल तर तो एकटा, मोठा, परत टाइप करून घ्या. आणि खालच्या भागात व उजव्या कडेला ॲपची बटणं आणि नाव येतं, तिथं मजकूर टाकला तर झाकला जातो, मधल्या पट्ट्यातच ठेवा.

बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, बसमध्ये, ऑफिसात. म्हणून सबटायटल वेगळे आणि पडद्यावरचे मोठे शब्द वेगळे धरा. आमच्या रीलमध्ये मोठे शब्द चारच वेळा येतात: "१,००० फूट गच्ची = ५ टँकर", मग "१ चौरस फूट", मग "५ बादल्या", शेवटी "तुमची गच्ची किती फूट?". आवाज बंद करून एखाद्याला दाखवा आणि विचारा काय कळलं. पहिल्या कट्समध्ये आमच्याकडे "५ बादल्या" नव्हतं, तर बघणाऱ्याला वाटलं काका गच्ची धुतायत.

शेवटी एकच मागणी. काकांना फोन नंबर, वेबसाइट, फॉलो करा, शेअर करा, सगळं हवं होतं. मी गच्चीचा आकडा मागितला, कारण तो पहिल्या वाक्यातूनच येतो, बघणाऱ्याने मनात गुणाकार केलेलाच असतो, त्याला फक्त टाइप करायचंय. आणि ज्याने गच्चीचा आकडा लिहिला तो बहुतेक कमिटीवरचाच असतो, काकांना तोच माणूस हवा होता. तुमच्या डेकमध्ये काय आहे मला माहीत नाही, पण मागणी अशी शोधा की जी फक्त तुमच्याच कल्पनेनंतर विचारता येईल.

टाकल्यावर ॲपमध्ये लोक कुठल्या सेकंदाला गळतात तो आलेख बघायचा. आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये २० व्या सेकंदाला तो ठळक खाली गेला होता, तिथं तेव्हा "रनऑफ कोएफिशियंट शून्य पॉइंट आठ" असं वाक्य होतं, म्हणजे तेच २० टक्के वाया, इंजिनिअरच्या भाषेत, काकांच्या हट्टाने ठेवलेलं. त्याच्या जागी "थोडा उडून जातो" आलं, काकांनी "हे शास्त्रशुद्ध नाही" असं दोनदा म्हणून घेतलं, आणि परत गच्चीवर जाऊन तो एक तुकडा पुन्हा शूट केला, चौकोन तोपर्यंत पावसाने धुतला गेला होता म्हणून खडू परत विकत आणावा लागला.

तुम्ही आज एवढं करा, डेक मांडणाऱ्याला फोन लावा आणि फोटोवाली स्लाइड विचारून इथं लिहा, वाक्य कसं वळवायचं ते बघू.